सल्ल्याच्या व्यवसायास एकच काम निवडण्याची रीत

शेतकरी कुटुंबांतील पुष्कळ सुशिक्षित तरुण, तसेच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, हल्ली सल्ला देण्याचे कार्यालय काढतात. अशा कार्यालयावर बहुधा ‘जमिनीसंबंधी सर्व कामे केली जातील’ अशी पाटी असते. या पाटीमुळे येणाऱ्यास हे कार्यालय नक्की कशात वाकबगार आहे ते कळत नाही; आणि चालविणाऱ्यास प्रत्येक प्रकरणी नव्याने अभ्यास करावा लागत असल्याने कोणत्याच कामात हात बसत नाही. महसूल खात्यातील कारकुनी संपल्यावर आम्ही सोलापुरास नवी पेठेत असे एक लहान कार्यालय काढले. त्याचे काम कसे निवडले व कसे पारखले, ते येथे सांगतो. कारण हीच रीत माती, पाणी वा फळबाग यांविषयी सल्ला देणाऱ्यासही लागू पडते.

पाटी लावण्यापूर्वी दोन महिने आम्ही केवळ एक वही ठेविली. खरेदीसाठी नवी पेठेत येणारे ओळखीचे शेतकरी जे विचारीत, ते गाव, तालुका व प्रश्न यांसह तीत लिहीत गेलो. एकूण ४३ प्रश्न जमले. त्यांत १४ वारस नोंदीचे, ११ मोजणी व बांधाच्या तंट्याचे, ९ सातबारावरील चुकीच्या नोंदीचे व ९ किरकोळ होते.

संख्येवरून पाहता वारस नोंदीचे काम घ्यावे असे कोणासही वाटेल. परंतु वारसांत तंटा नसेल तर ती नोंद रीतसर अर्ज दिल्यावर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे होते. तेथे सल्ल्याची गरज थोडी. बांधाचा प्रश्न मोजणीनेच सुटावयाचा, व ती भूमी अभिलेख कार्यालयाची बाब. चुकीच्या नोंदीचे मात्र तसे नव्हते. ते नऊही शेतकरी कचेरीत खेटे घालीत होते. कारण आपली चूक लिहिणाऱ्याच्या हातची की हक्काच्या वादाची, हेच त्यांस ठाऊक नव्हते. जेथे विचारणाऱ्यास अडविणारे अज्ञान नेमके आपल्या ज्ञानाने दूर होते, तेच काम निवडावे. प्रश्नांची संख्या ही दुय्यम कसोटी होय.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ अन्वये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. तेवढेच काम आम्ही घेतले, तेही उत्तर व दक्षिण सोलापूर या दोनच तालुक्यांपुरते. अक्कलकोट जवळ असूनही वगळले. कारण तो मुलूख १९४८ पर्यंत संस्थानात होता व तेथील जुन्या दप्तराची वहिवाट आम्हांस परिचित नाही.

निवड झाली म्हणजे ती खरी ठरली असे नव्हे. म्हणून आम्ही सहा प्रकरणे परीक्षेसाठी घेतली. त्यांत नातलग किंवा जुने स्नेही घेतले नाहीत, कारण त्यांची स्तुती पुराव्यास उपयोगी नाही. कामही फुकट केले नाही. ठरविलेल्या ३,००० रुपये शुल्काऐवजी निम्मे, म्हणजे १,५०० रुपये, घेतले. जो पदरचे देतो तोच खरी तक्रारही करतो. निकाल तहसीलदारांच्या हाती असल्याने शुल्क निकालावर अवलंबून ठेविले नाही, व तसे प्रत्येकास लिहून दिले. आरंभापूर्वीच वहीत तीन प्रश्न नोंदविले : आमची पहिली पारख टिकते काय? ठरल्या शुल्कात काम पुरे होते काय? आणि सहांपैकी निदान दोघे आपण होऊन दुसऱ्यास आमच्याकडे धाडतात काय? यांपैकी दोहोंचे उत्तर नकारार्थी आल्यास हे काम सोडावयाचे, असे ठरविले होते.

त्यांतील एक प्रकरण तपशिलाने पाहू. दक्षिण सोलापुरातील एका शेतकऱ्याच्या सातबारावर क्षेत्र २ हेक्टर ४ आर होते; त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते २ हेक्टर ४० आर हवे होते. छत्तीस आर जमीन कागदावरून नाहीशी झाली होती व पीककर्ज तेवढ्याने कमी मिळत होते. आम्ही जुन्या सातबारांच्या नकला मागविल्या आणि एकेक मागे जात, क्षेत्र प्रथम कोठे बदलले ते शोधले. बदल सातबाराच्या पुनर्लेखनाच्या वेळी झालेला आढळला. त्या दोन उताऱ्यांच्या दरम्यान गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, या जमिनीची एकही नोंद नव्हती. शिवाय क्षेत्र घटले तरी आकार पूर्वीचाच राहिला होता, आणि सर्व हिश्शांची बेरीज आकारबंदातील क्षेत्राहून बरोबर ३६ आरांनी कमी भरत होती. ‘४०’ चे ‘०४’ झाले, हे याहून स्पष्ट काय असावे? अर्जास हे कागद जोडले. हितसंबंधितांस नोटिसा जाऊन कोणाची हरकत आली नाही, व दुरुस्तीचा आदेश झाला.

सहांपैकी चार प्रकरणे अशीच निघाली. उरलेल्या दोहोंत मात्र बदलाच्या मागे मंजूर फेरफार सापडला. एकात वाटणीच्या फेरफारातच बहिणीचे नाव नव्हते. ही लिहिणाऱ्याची चूक नव्हे; असा फेरफार अपिलातच तपासला जातो, आणि अपिलाची मुदत सामान्यतः ६० दिवसांची असल्याने विलंबाचे कारणही द्यावे लागते. हक्काचाच वाद असल्यास दिवाणी न्यायालय आहे. या दोघांस आम्ही वकिलाकडे जाण्यास सांगितले. फेरफाराशिवाय झालेला बदल आमचा, फेरफाराने झालेला बदल वकिलाचा, ही आमच्या कामाची हद्द या परीक्षेनेच पक्की झाली.

दुसरे असे दिसले की, वेळ अर्ज लिहिण्यात नव्हे, तर जुन्या नकला मिळविण्यात जातो. आणि तो श्रम प्रकरण टिको वा न टिको, करावाच लागतो. म्हणून शुल्काचे दोन भाग केले : कागद शोधून मत देण्याचे १,००० रुपये, व प्रकरण टिकल्यास अर्जाचे २,००० रुपये. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, तिघांनी आपल्या गावचे दुसरे शेतकरी धाडले. त्यांत एक असा होता, ज्याचे प्रकरण आम्ही घेतलेच नव्हते.

आता उत्पन्नाचा हिशेब. दोन महिन्यांस ९ प्रमाणे वर्षास ५४ प्रकरणे येतील व सर्व येणारे शुल्क देतील, असे उदारपणे धरले, तर शोधाचे ५४,००० रुपये होतात. त्यांतील दोन तृतीयांश, म्हणजे ३६ टिकल्यास अर्जांचे ७२,००० रुपये. एकूण १,२६,००० रुपये; यातून जागेचे भाडे व नकलांचा खर्च जावयाचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास हे पुरेसे आहे. संसार चालवू पाहणाऱ्या तरुणास नाही. त्याने अशा वेळी कामाचे प्रकार वाढवू नयेत. मोहोळ, मंगळवेढा असे तालुके एकेक करून जोडावेत आणि प्रत्येक नव्या तालुक्यात पुन्हा पाच-सहा प्रकरणे निम्म्या शुल्कात पारखून पाहावीत. तालुका बदलला तरी नमुना ६ व सातबारा तेच राहतात. काम बदलले, तर मात्र सर्व शिक्षण पहिल्यापासून करावे लागते.