हातात न आलेल्या पैशावरचा कर

एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ पगार महिना ३ लाख, म्हणजे वर्षाला ३६ लाख, आणि सगळे धरून करपात्र उत्पन्न ४८ लाख. कंपनी त्याच्या पीएफमध्ये मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे ४,३२,००० रुपये भरते. नव्या करप्रणालीत एनपीएसवर १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते म्हणून त्याने तोही पर्याय घेतला. तिथे कंपनी ५,०४,००० भरते. दोन्ही मिळून ९,३६,००० झाले.

इथेच गोम आहे. १ एप्रिल २०२० पासून कंपनीने पीएफ, एनपीएस आणि सुपरअ‍ॅन्युएशन फंड या तिन्हींत मिळून वर्षाला साडेसात लाखांपेक्षा जास्त भरले, तर वरची रक्कम कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. ग्रॅच्युइटी या हिशेबात येत नाही. फक्त पीएफ असेल, तर ही मर्यादा ओलांडायला महिन्याला ५ लाख २० हजारांहून अधिक मूळ पगार लागतो. त्यावर १४ टक्के एनपीएस जोडले की २ लाख ४० हजारांच्या आसपासच ती गाठली जाते. म्हणून ‘हा नियम फार बड्या पगारदारांचा’ असे समजून पुष्कळजण गाफील राहतात.

आपल्या नोकरदाराची जादा रक्कम १,८६,००० रुपये. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या दराने, ३० टक्के कर आणि त्यावरचा ४ टक्के सेस धरून, ५८,०३२ रुपये कर होतो. पैसा फंडात अडकलेला, कर मात्र दर महिन्याच्या पगारातून टीडीएस म्हणून कापला जातो.

आणि ते एकदा भरून संपत नाही. जादा रकमेवर फंडात जी वाढ होते, तीही दरवर्षी करपात्र ठरते. वाढीचा दर समजायला ८ टक्के धरू. पहिल्या वर्षी नियमाप्रमाणे निम्म्याच जादा रकमेवर, म्हणजे ९३,००० वर, ७,४४० रुपये उत्पन्न धरले जाते. दुसऱ्या वर्षी नवी जादा रक्कम एक पैशाची नसली, तरी १,८६,००० अधिक ७,४४० यांवर १५,४७५ रुपये धरले जातात. पुढे आकडा वाढतच जातो.

फॉर्म १६ सोबत मिळणाऱ्या फॉर्म १२ बीएमध्ये या दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत दाखवलेल्या असतात. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल, तर दोन्ही कंपन्यांच्या रकमा स्वतः एकत्र करून पाहा, कारण आधीची कंपनी किती भरून गेली हे सांगितल्याशिवाय नव्या कंपनीला कळत नाही.

या नोकरदाराने एनपीएसचा वाटा ३,१८,००० वर आणून उरलेले भत्त्यात घेतले, तर जादा रकमेवरचा त्या वर्षीचा कर जवळपास तेवढाच बसेल. पण पैसा हातात राहील आणि वाढीचा दरवर्षीचा हा हिशेब टळेल. पगाराची रचना ठरवण्याचा फॉर्म एचआरकडून येईल, तेव्हा टक्केवारी निवडण्याआधी ही बेरीज एकदा करून पाहा.