स्काउटचा आवाज हरवलेली कादंबरी

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. तब्बल ५५ वर्षांनी, २०१५मध्ये, ‘गो सेट अ वॉचमन’ प्रसिद्ध झाली. छोटी स्काउट आता २६ वर्षांची जीन लुईज झाली आहे आणि न्यूयॉर्कहून अलाबामातल्या आपल्या गावी, मेकॉम्बला सुट्टीवर आली आहे. ज्यांनी पहिली कादंबरी काळजाशी जपली होती, त्यांतले असंख्य वाचक ही वाचून खट्टू झाले.

कृष्णवर्णीय आरोपीचं वकीलपत्र घेऊन सगळ्या गावाचा रोष पत्करणारे वडील, अ‍ॅटिकस, इथे वर्णभेदाची बाजू घेतात, हे त्याचं कारण सांगितलं जातं. धक्का खराच आहे. पण थोर माणसाचं पतन हाही कादंबरीचा समर्थ विषय होऊ शकतो. निराशेचं मूळ कथनात आहे.

पहिल्या कादंबरीतला तुरुंगाबाहेरचा प्रसंग आठवा. आरोपी टॉम रॉबिन्सनला मारायला जमाव आलेला असतो आणि अ‍ॅटिकस एकटे दाराशी बसलेले असतात. स्काउट मध्ये घुसते. तिला संकटाची कल्पनाच नसते. गर्दीतले कनिंगहॅम तिला ओळखीचे दिसतात, म्हणून ती त्यांच्या मुलाची, आपल्या वर्गमित्राची चौकशी करू लागते. ते वरमतात आणि जमावाला घेऊन परततात. तिला जे उमगत नाही, ते आपल्याला उमगतं. न्याय-अन्यायावर एकही भाषण न होता आपण अ‍ॅटिकसच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

‘वॉचमन’मध्ये स्काउटचं हे ‘मी’ उरलेलं नाही. निवेदन तृतीयपुरुषी आहे. कोर्टाच्या सज्जातून जीन लुईज वडिलांना गोऱ्यांच्या वर्चस्ववादी परिषदेच्या बैठकीत बसलेलं पाहते, तो प्रसंग जिवंत आहे. पुढे मात्र काका आणि वडिलांशी होणारे लांबलचक वाद पानंच्या पानं व्यापतात. पूर्वी जे घडताना दिसायचं, ते आता मुद्द्यांनी पटवलं जातं. भाऊ जेम वारला आहे, बू रॅडली कथेत नाही. ज्या खटल्याभोवती पहिली कादंबरी फिरते, तो इथे ओझरता येतो आणि त्यात आरोपी चक्क निर्दोष सुटतो!

या विसंगतीचं उत्तर लेखनक्रमात आहे. ‘वॉचमन’ आधी लिहिली गेली होती. १९५७मध्ये हे हस्तलिखित लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. संपादक टे होहॉफ यांच्या मार्गदर्शनाखाली ली यांनी दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन केलं. नायिकेच्या बालपणाच्या आठवणी केंद्रस्थानी आल्या आणि ‘मॉकिंगबर्ड’ घडली. म्हणजे स्काउटचा आवाज उत्तरार्धात हरवला नाही. तो तेव्हा सापडायचाच होता.

म्हणून ‘वॉचमन’ जरूर वाचा, पण पुढचा भाग म्हणून नव्हे, पहिला खर्डा म्हणून. स्काउटची गोष्ट ‘मॉकिंगबर्ड’मध्येच पूर्ण झाली आहे.