नव्वद बाय शंभरची चादर कुठे कमी पडते

सकाळी उठून पाहावं तर चादरीचा एक कोपरा गादीखालून सुटून मधोमध गोळा झालेला. रात्री नीट खोचलेली होती. घरात नुकतीच नवी गादी आली आहे, पण चादरी जुन्याच, आणि त्या काल-परवापर्यंत त्याच पलंगावर व्यवस्थित बसत होत्या. पलंग तोच, गादीची लांबी-रुंदीही तीच. मग दोष कुणाचा? बहुतेक घरांत तो झोपेत लोळणाऱ्याच्या माथी मारला जातो. खरा दोष असतो गादीच्या उंचीचा, आणि चादरीच्या पाकिटावर ती कधीच लिहिलेली नसते.

आपल्याकडे मोठ्या पलंगाची गादी बहुधा 78 इंच लांब आणि 72 इंच रुंद असते, म्हणजे साडेसहा फूट बाय सहा फूट. दुकानात ‘डबल’ म्हणून सर्रास मिळते ती चादर 90 बाय 100 इंचांची. 72 इंचांच्या गादीवर 90 इंचांची चादर पसरली की 18 इंच उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला 9. जुनी गादी 5 इंच जाड असेल तर हे 9 इंच आधी 5 इंच खाली उतरतात आणि उरलेले 4 गादीखाली जातात. तेवढ्यावर भागतं. आता त्याच जागी 8 इंचांची गादी ठेवा. खाली उतरण्यातच 8 इंच संपतात आणि खोचायला उरतो एक इंच. ती खोच नव्हे, नुसता स्पर्श.

यातली मेख अशी की उंचीचा हिशोब दुप्पट लागतो. गादी 3 इंचांनी वाढली तर चादर 6 इंचांनी मोठी हवी, कारण कापड दोन्ही बाजूंनी उतरतं. गादी घेताना माणूस दाबून बघतो, झोपून बघतो, हमी विचारतो. आपल्या कपाटातल्या सगळ्या चादरी 6-6 इंचांनी तोकड्या होणार आहेत, हे त्याच्या मनातही येत नाही.

पूर्वी हा प्रश्न एवढा जाचत नव्हता. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी वापराने बसत जायची. तिच्या कडा मऊ, कोपरे गोलसर. एका हाताने उचलावी आणि दुसऱ्या हाताने चादर आत सारावी. जमिनीवरच्या अंथरुणाला तर खोचण्याची गरजच नसे. हल्लीच्या स्प्रिंगच्या किंवा फोमच्या गाद्या 6, 8, कधी 10 इंचांच्या असतात. त्यांच्या कडा ताठ आणि वरचं विणीचं कापड पुष्कळदा गुळगुळीत. वरून 2 इंचांचा मऊ थर अंथरला, तर तोही उंचीत धरावा लागतो.

चादर जागेवर राहते ती गादीखाली दाबल्या गेलेल्या कापडामुळे. झोपेत कूस बदलली की अंग वरचं कापड ओढतं. खाली 6 इंच कापड असेल, तर ती ओढ पेलायला पुरेसा भाग गादीच्या वजनाखाली असतो. 2 इंचच असेल, तर दर हिसक्याला थोडं थोडं सरकत पहाटेपर्यंत ते बाहेर येतं. सुरुवात कोपऱ्यापासून होते, कारण तिथे कापड दोन दिशांनी ओढलं जातं. पलंगाची फळी सनमायकासारखी गुळगुळीत असेल तर हे काम आणखी लवकर उरकतं.

म्हणून 8 इंचांच्या गादीचा हिशोब असा. रुंदी 72, दोन्ही बाजूंच्या उंचीचे 16 आणि खोचायचे दोन्हीकडे 6 धरून 12. बेरीज 100 इंच. लांबीसाठी 78, 16 आणि 12, बेरीज 106. आकडेमोड नको असेल तर इंची टेप गादीच्या एका बाजूखाली जिथवर कापड जायला हवं तिथे दाबावी, वरून आडवी नेऊन पलीकडच्या बाजूखाली तितकीच सारावी आणि माप वाचावं. पाकिटावर ‘किंग’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये. त्या नावाखाली निरनिराळ्या मापांच्या चादरी विकल्या जातात, आकडे वाचावेत.

अजून एक गोष्ट पाकीट फोडल्यावरच कळते. सुती चादर पहिल्या काही धुण्यांत आटते, 3 ते 5 टक्के सहज. 4 टक्के धरले तर 90 इंचांची चादर साडेतीन इंचांहून अधिक आत येते आणि आपल्या 8 इंचांच्या गादीच्या तळापर्यंतही पोचत नाही. 108 बाय 108 ची चादर मात्र तेवढी आटूनही पुरते. बाजूंना साधारण पावणेआठ इंच खोचायला मिळतात, उशाकडे आणि पायथ्याला जेमतेम पाच.

इलॅस्टिकची चादर घेणाऱ्याला वाटतं आपण यातून सुटलो. पण तिच्या कोपऱ्याची खोली ठरलेली असते. 6 इंचांच्या गादीसाठी शिवलेला कोपरा 10 इंचांच्या गादीवर ओढून बसवला, तर इलॅस्टिक तळाखाली न जाता बाजूवरच राहतं आणि रात्री फटकन वर उडतं. शिंप्याकडून शिवून घ्यायची असेल, तर गादीच्या उंचीत 5 इंच मिळवावेत. तळाखाली वळायला आणि इलॅस्टिकच्या दुमडीला तेवढं कापड लागतं. 8 इंचांच्या गादीला प्रत्येक बाजूला 13, म्हणजे कापड 98 बाय 104 इंच. 108 इंच पन्ह्याचं कापड मिळालं तर मधे जोड न देता ते निघतं. मात्र कापणीआधी ते धुऊन वाळवून घ्यावं.

रजईचं गणित निराळं, कारण ती खोचायची नसते, लोंबायची असते. मोकळ्या पलंगावर 90 इंच रुंद रजई 8 इंचांची गादी बरोबर झाकते आणि छान दिसते. दोघं आत शिरले की तिचं बरंच कापड अंगांच्या उंचवट्यांत जातं आणि कडा वर उचलल्या जातात. मग कुणाची तरी पाठ उघडी पडते आणि ओढाओढ सुरू होते. गोधडी किंवा रजई शिवून घेताना अजून एक घट असते. टाके आणि आतला भर कापड आत खेचतात, त्यामुळे तयार रजई कापलेल्या मापापेक्षा लहान भरते. माप सांगताना ते तयार रजईचं आहे, हे शिवणाऱ्याला स्पष्ट सांगितलेलं बरं.

राहता राहिल्या कपाटातल्या जुन्या 90 बाय 100 च्या चादरी. त्या टाकायची गरज नाही, आडव्या घालाव्यात. 100 ची बाजू धुऊन 96 झाली असली, तरी गादीच्या रुंदीवर टाकल्यावर दोन्हीकडे 4 इंच खोचायला मिळतात. लांबीला मात्र 86 च्या आसपासच उरतात. तिथे पायथ्याला 4 इंच पक्के खोचून घ्यावेत आणि उशाकडचे 3-4 इंच गादी उघडी राहू द्यावी. ती उशांखाली झाकली जाते, आणि चादरीची ती कडही उशांच्या वजनाने दबून राहते. छापाची वेलबुट्टी तेवढी आडवी दिसते.