जिन्यावरचे जोर आणि उंचीची धास्ती

पुशअप घालताना हात ताठ असलेल्या स्थितीत शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग तळहातांवर येतो, आणि छाती खाली जाऊ लागली की तो आणखी थोडा वाढतो. आठवीतल्या ४४ किलो वजनाच्या मुलाचे उदाहरण घेतले, तर पहिल्याच पुशअपला त्याच्या हातांवर २८ किलोंच्या आसपास भार असतो. ज्या पालकांना तेरा वर्षांच्या मुलाने दहा किलोंची बार उचललेली चालत नाही, तेच ‘निदान वीस पुशअप तरी मार’ असे सहज सांगतात. शरीराच्या वजनाचा व्यायाम म्हणजे हलका व्यायाम, हा समज इथेच मोडतो. बारवरची एक चकती काढता येते, अंगावरचे वजन काढता येत नाही. हातांवरचा भार कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हात उंचावर टेकवणे.

त्यासाठी इमारतीच्या जिन्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही. पायरी साधारण १५ सेंटिमीटर उंच असते. जिन्याखाली जमिनीवर पाय ठेवून चौथ्या पायरीवर हात टेकवले, की तळहात ६० सेंटिमीटर उंचीवर येतात आणि हातांवरचा भार शरीराच्या वजनाच्या ४१ टक्क्यांच्या आसपास उतरतो. वरच्या उदाहरणातल्या मुलासाठी तो १८ किलो झाला. दुसऱ्या पायरीवर तोच ५५ टक्के, म्हणजे २४ किलो. एकेक पायरी खाली उतरणे म्हणजे दर वेळी अंदाजे दोन-तीन किलो वाढवणे. गुडघे टेकून घातलेल्या पुशअपमध्ये भार निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे आकड्याने तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मधे बसतो. तरीही जिनाच बरा. गुडघे टेकले की कंबरेत वाकायची सवय लागते, आणि पोट व नितंब ताणून शरीर सरळ धरण्याचा पुशअपमधला अर्धा धडा राहून जातो.

सुरुवात पाचव्या किंवा सहाव्या पायरीवरून करावी, ती अगदी सोपी वाटली तरी. तळहात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, बोटे पसरून पुढे. टाच, कंबर, पाठ आणि डोक्याची मागची बाजू एका रेषेत. कोपर बाजूला आडवे न फाकता शरीराशी साधारण ४५ अंशांचा कोन करून मागे जातात. खाली जायला तीन सेकंद, खाली एक सेकंद थांबा, मग वर. पायरीच्या कडेला आधी छाती पोहोचली पाहिजे. हनुवटी आधी पोहोचत असेल तर मान पुढे ढकलली जात आहे, आणि पोट आधी पोहोचत असेल तर कंबर झोळीसारखी लोंबते आहे. हे दोष मुलाला स्वतःला कळत नाहीत. बाजूने पाहणारा माणूस हवा, किंवा बाजूने काढलेला मोबाइलचा व्हिडिओ. खांदे कानांकडे चढणे हा तिसरा नेहमीचा दोष. तो दिसला की बहुधा पायरी एकाने जास्त खालची निवडलेली असते.

गेल्या आठवड्याच्या भागात बैठकांसाठी जो नियम आला तोच इथे लागू होतो: हालचाल बिघडली की मोजणी थांबते. आठ-आठचे तीन फेरे, मधे दीड-दोन मिनिटांची विश्रांती, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, आणि मधला एक दिवस मोकळा. तिसऱ्या फेऱ्याची आठवी पुशअप पहिलीसारखीच दिसली, आणखी दोन निघाल्या असत्या असे वाटले, आणि हे व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी जमले, तर एक पायरी खाली. खाली उतरल्यावर आठऐवजी पाचच निघत असतील तर पाचांवर थांबावे. सहावी ओढूनताणून काढण्यात काहीच हाती लागत नाही, कारण वयात येण्याआधी ताकद प्रामुख्याने मेंदू आणि मज्जातंतूंच्या सरावातून वाढते. स्नायूंना योग्य वेळी आणि योग्य क्रमाने कामाला लावणे शरीर शिकत असते. म्हणूनच अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे दंड आरशात तसेच दिसतात, पण तीनाच्या जागी दहा पुशअप निघू लागतात. वाकड्या हालचालीचा सराव केला तर शरीर तीच हालचाल शिकते.

पुलअपचा विषय या भागात यायचा होता, तो एका आठवड्याने पुढे गेला आहे. बैठकांच्या भागानंतर एका वाचक आईने विचारलेला प्रश्न त्याआधी घ्यावा लागतो, कारण तो बहुतेक घरांत विचारला जातो. बाईंचा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि ‘एवढ्यात व्यायाम सुरू केला तर उंची खुंटेल’ असे घरातले वडीलधारे म्हणतात.

लांब हाडांची लांबी त्यांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पातळ पट्टीत वाढते. तिला वाढीची पट्टी म्हणता येईल. तिथल्या पेशी वाढत जातात, मागे राहिलेल्या कूर्चेचे हाड होते, आणि किशोरवयाच्या शेवटी पट्टीचेच हाड झाले की उंची वाढणे थांबते. कूर्चा हाडापेक्षा मऊ असते आणि तिला इजा होऊ शकते, एवढा भाग खरा आहे. त्यावरून व्यायामाने उंची खुंटते असा निष्कर्ष मात्र निघत नाही. पट्टीला धोका असतो तो अपघाताचा: देखरेखीशिवाय पेलवेल त्याहून जड बार डोक्यावर नेणे, ती अंगावर पडणे, उंचावरून हातावर पडणे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली या विषयाचा आढावा घेतला. नीट शिकवलेल्या आणि देखरेखीखालच्या ताकदीच्या व्यायामाने मुलांच्या उंचीवर किंवा वाढीच्या पट्ट्यांवर वाईट परिणाम होत नाही, असे तिने म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या शिफारशींत तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

घरगुती हिशेबही हेच सांगतो. पायांची बहुतेक वाढ गुडघ्याजवळच्या पट्ट्यांत होते. मूल कट्ट्यावरून उडी मारते तेव्हा पायांवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार क्षणभर येतो. धावताना प्रत्येक पावलाला तो वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. लंगडी, कबड्डी आणि खो-खोने उंची खुंटते असे कोणी म्हणत नाही. जिन्यावरच्या पुशअपमध्ये तर वजनाच्या निम्मा भार, तोही हळू, आणि तोही हातांवर. ‘पण जिम्नॅस्ट बुटके असतात’ या मुद्द्यातही कारण आणि परिणाम उलटे झालेले आहेत. त्या खेळात छोट्या चणीच्या मुलांना हवेत फिरणे सोपे जाते, म्हणून तीच पुढे जातात आणि टिकतात. कोणी बास्केटबॉल खेळून उंच होत नाही, तसेच हे. मात्र कुठल्याही खेळात दिवसाचे अनेक तास कसून सराव आणि जोडीला अपुरा आहार असेल, तर वाढ मंदावू शकते. तिथे अन्नच कमी पडलेले असते.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच पक्का आहे. दांडीला लटकल्याने उंची वाढते, या आशेने मुले बागेत तासन्‌तास लोंबकळतात. माणूस सकाळी उठताना संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो, कारण रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि दिवसभरात पुन्हा दबतात. लटकल्याने होणारा फरक त्याच जातीचा, तात्पुरता. हाड त्याने लांब होत नाही.

वाढीच्या पट्टीची खरी काळजी घ्यायची जागा पुशअपमध्ये एकच आहे, मनगट. कोपर ते मनगट या भागातल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची बहुतेक वाढ मनगटाकडच्या टोकाला होते. वर्षानुवर्षे रोज हातांवर उड्या घेणाऱ्या जिम्नॅस्ट मुलांमध्ये तिथली पट्टी दुखावते, आणि दुर्लक्ष केले तर ते हाड शेजारच्या हाडापेक्षा आखूड राहू शकते. आठवड्यातून तीन दिवस चोवीस पुशअप ही त्याच्या जवळपासचीही गोष्ट नाही. तरीही फरक ओळखता यायला हवा. स्नायूंची ठणक दोन्ही बाजूंना, पसरट, छातीत किंवा दंडात असते आणि दोन-तीन दिवसांत जाते. पट्टीचे दुखणे एका जागी, सांध्यालगत हाडावर असते, बोटाने दाबले की नेमके सापडते, आणि हात टेकला की परत येते. असे दुखणे आढळले की हात टेकणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. नुसते मनगट मागे वाकल्याने ताण येत असेल, तर पायरीची कड मुठीत धरून किंवा लाकडी ठोकळ्यांवर पुशअप घातल्याने तो कमी होतो.

दुसरी अडचण वाढीच्या वेगाची. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. आधी हातपाय लांबतात, धड मागून येते. हाडे लांब होतात त्या मानाने त्यांत खनिजे भरायला वेळ लागतो, आणि मुलांमध्ये पडून मनगट मोडण्याचे प्रमाण याच वयात सर्वाधिक असते. मूल थोडे धांदरट होते. पहाटे एकाच वेळी, भिंतीला टाच लावून दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक भरले तर झपाटा सुरू आहे असे धरून दोन पायऱ्या वर जावे. आपला ४४ किलोंचा मुलगा वर्षभरात ५० किलोंचा झाला, तर जमिनीवरच्या त्याच पुशअपला २८ ऐवजी ३२ किलो पडतात, तेही लांबलेल्या हातांनी. बारा निघणाऱ्या पुशअप आठांवर आल्या म्हणजे ताकद गेली असे नव्हे.

जमिनीवर दहा-दहाचे तीन फेरे स्वच्छ निघाले, की तालमीतला जोर शिकायला हरकत नाही. जोरात पुशअपच्या जोडीला दोन गोष्टी येतात: डोक्यावर नेलेले खांदे आणि मागे वळलेली पाठ. सूर्यनमस्कारातले पर्वतासन वीस सेकंद स्थिर धरता आले, आणि भुजंगासनात पाठ कंबरेतून न मोडता छातीमागून वळली, तर हे दोन तुकडे सावकाश जोडावेत. कंबर मोडणे इथे अधिक गंभीर आहे. वाढत्या वयात कंबरेचा मणका पुन्हा पुन्हा मागे मोडल्याने त्याच्या मागच्या भागाला ताणाची भेग पडू शकते. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांमध्ये ती दिसते. पाच जोर पुरेत. तालमीतले शंभराचे आकडे मोठ्यांसाठी आहेत, चौदा वर्षांच्या मुलाला ते देऊ नयेत.

पुढच्या आठवड्यात पुलअप नक्की. दाराच्या चौकटीत नुसती दाबून बसवायची दांडी त्यासाठी विकत घेऊ नये. भिंतीत बोल्टने पक्की केलेली किंवा बागेतली जमिनीत रोवलेली दांडी आधी शोधून ठेवावी, आणि तिला धरून मुलाचे पाय जमिनीला टेकतात की नाही तेही पाहून ठेवावे.