बदली दात

आमच्या घरच्या ग्रुपवर इंदापूर तालुक्यातली भावकी आहे, बारामतीतले आम्ही आहोत, पुण्यातली आत्या आहे आणि अमेरिकेतला एक मावसभाऊ आहे. वयं 9 पासून 83 पर्यंत. लेकीचा पहिला दात पडला की फोटो टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या, एवढंच काम असतं. पण त्या दोन ओळी सगळ्यांना एकाच वेळी हसवायच्या असतील तर त्यांच्यावर जरा बसावं लागतं.

दात पडला तो निमगाव केतकीत, जानेवारीत, उसाच्या कांड्यात. पुस्तकात लिहिल्यासारखा खालचा, अगदी मधला. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पहिले हलतात ते हेच दोन. लेक 6 वर्षांची. आठवडाभर ती जिभेने दात पुढे-मागे करत होती. दाराला दोरा बांधायचा सल्ला भावकीतून दोन वेळा येऊन गेला होता, आणि आम्ही तो दोन्ही वेळा ऐकून सोडून दिला. तयार झालेला दात जिभेच्या रेट्याने येतो. तयार नसलेला ओढला तर दुखतो आणि रक्तही जास्त जातं. उसाने हे काम सुबकपणे केलं. ती चावली, थांबली आणि चोथ्यासकट सगळं तळहातावर काढलं. थोडं रक्त आलं. स्वच्छ कापडाची घडी दाबून धरली, थोड्या वेळात थांबलं.

मग पहिला प्रश्न आला, आणि तो रडका होता: "मूळ आतच राहिलं का?" कारण हातातल्या दाताला मूळ नव्हतंच. उजेडात धरला तर खालून पोकळ, काठ ओबडधोबड, वरचा भाग तेवढा शाबूत. खरं तर मूळ आत राहिलेलं नसतं. नवा दात खालून वर सरकतो तसं शरीर दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतं, आणि धरायला काही उरलं नाही की दात हलायला लागतो. म्हणजे इतके दिवस हलत होता तो बिनमुळाचा. हे तिला सांगितल्यावर तिने दात पुन्हा उलटा करून पाहिला आणि रडणं तिथेच संपलं. मला मात्र मजकुराचं बीज मिळालं.

पण आधी मी सोपे रस्ते तपासले. पहिला मसुदा फ्लेक्सचा: प्रथम दंतपतनानिमित्त हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त मित्रमंडळ. आपल्याकडे चौकाचौकांत बोर्ड असतात, त्यामुळे हा विनोद हमखास चालतो. म्हणूनच तो आधीच दोघांनी वापरलेला आहे, एकाने मुंजीला आणि एकाने नव्या ट्रॅक्टरला. दुसरा मसुदा श्रद्धांजलीचा. तो लिहिताना मजा आली, पण टाकायचा नाही हे लगेच ठरलं. फोनवर सूचना येते तेव्हा पहिले पाच-सहाच शब्द दिसतात. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की" एवढंच वाचून आत्याने पुण्याहून फोन लावला असता, आणि पुढचा तासभर विनोद समजावून सांगण्यात गेला असता. ग्रुपवरच्या मजकुरात पहिल्या ओळीतच माणूस आणि दात दोन्ही यायला हवेत. गंमत नंतर.

तिसरा मसुदा आप्पांमुळे सुचला. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. आमच्या घरात कायम आणि हंगामी हे शब्द मीठ-मिरचीसारखे उच्चारले जातात. दुधाचा दात म्हणजे हंगामी कामगार, हे मला एकदम चपखल वाटलं. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आप्पांनी चष्मा वर केला.

"हंगामी नाही. हंगामी माणूस पुढच्या गळिताला परत हजर होतो. हा परत येणार आहे का?"

"नाही."

"मग बदली लिही. कायम माणूस येईपर्यंत जागा धरून बसतो तो बदली."

दुधाचे दात तेच तर करतात: खायला मदत आणि मागच्याची जागा राखणं. म्हणूनच किडून वेळेआधी काढावा लागलेल्या दाढेचं दुःख नुसतं तिच्यापुरतं नसतं. शेजारचे दात त्या फटीत सरकतात आणि कायमच्या दाताला वर यायला जागा उरत नाही. आप्पांना दातांचं काही माहीत नव्हतं, हजेरीपटाचं होतं.

लेक आता वाचते, त्यामुळे तिची मंजुरी घ्यावी लागली. "बोळकं" हा शब्द तिने काढायला लावला. तिचं म्हणणं, बोळकं पणजीचं, माझी फक्त खिडकी. बोबडं बोलण्यावरची ओळ मीच काढली, कारण ती खोटी होती. खालचा एक दात गेल्याने उच्चार फारसा बिघडत नाही. वरचे दोन एकदम गेले की "स" सुटायला लागतो, आणि त्याला बहुधा अजून वर्षभर अवकाश आहे. तो विनोद तेव्हासाठी राखून ठेवला आहे. उंदराचं नाव मात्र आलंच पाहिजे, असा तिचा आग्रह. आईने तिला सांगितलं होतं की दात छपरावर टाकून उंदराकडे नवा मागायचा. उंदीरच का, तर त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच अडचण. ज्याच्याकडे माल कधी संपत नाही त्याच्याकडेच मागणी नोंदवलेली बरी. बारामतीत आमच्या डोक्यावर स्लॅब आहे, गावाकडे पत्रा. दात पत्र्यावर गेला तेव्हा टण् असा आवाज आला. मजकुरात तोही हवा होता.

शेवटी गेला तो मजकूर असा:

"चिऊचा पहिला दात आज पडला. खालचा, मधला, डावा. 6 वर्षांची अखंड सेवा (पहिले काही महिने हिरडीत प्रतीक्षा), कारण उसाचं कांडं. बदली कामगार होता, मूळ आधीच कमी केलेलं होतं. मागे 19 सहकारी. कायम माणसाची नेमणूक झाली आहे, हजर व्हायचा आहे. कागदपत्रं पत्र्यावर उंदीरसाहेबांकडे जमा."

पहिला प्रतिसाद आत्याचा, तीन हसरे चेहरे आणि "उसाने दात पडला म्हणजे ऊस चांगला आहे." मावसभावाने तिकडच्या परीचा फोटो टाकून उशीखाली पैसे किती ठेवलेत असं विचारलं. लेकीने तो संदेश मला दोनदा वाचायला लावला आणि उंदीर पैसे देतो का याची चौकशी केली. आईने फोन हातात घेऊन आवाजातच उत्तर पाठवलं की उंदीर देत नाही, नेतो.

दात गेला तिथे बोट फिरवलं तर काहीतरी टोचतं, असं लेक महिन्याभराने म्हणाली. आरशात दिसलं: नव्या दाताची कड करवतीसारखी तीन उंचवट्यांची. ते उंचवटे वापराने झिजतात. रंगही शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा जरा पिवळट, कारण आतला थर जाड असतो. तो फोटोही टाकला, "कायम माणूस हजर" एवढंच लिहून. आत्याचा लगेच प्रश्न: "हिला ब्रश करायला लावता का नाही?" आप्पांनी खाली लिहिलं, "नवीन आहे. सांभाळून घ्या."