नावाच्या शेवटी ‘एस’ असेल तर चिन्ह कुठे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २००६ रोजी ‘कॅन्सस विरुद्ध मार्श’ या खटल्याचा निकाल दिला. प्रश्न फाशीच्या शिक्षेचा होता आणि नऊ न्यायमूर्तींमध्ये पाच विरुद्ध चार अशी फूट पडली. त्या निकालपत्रात आणखी एक मतभेद शिरला होता, त्याचा कायद्याशी काही संबंध नव्हता. ‘कॅन्ससचा कायदा’ असे लिहिताना बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी Kansas' असे रूप वापरले. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती डेव्हिड सुटर यांनी Kansas's असे लिहिले. एकच न्यायालय, एकच दिवस, एकच राज्य, आणि ॲपॉस्ट्रॉफीनंतर एस द्यायचा की नाही यावर मात्र एकमत नाही.

दोघांपैकी चूक कोण? कोणीच नाही. ही गोष्ट मराठी माणसाला इंग्रजीच्या तासाला क्वचितच सांगितली जाते. शाळेत एक नियम पाठ करून घेतला जातो, पुढे वर्तमानपत्रात त्याच्या उलट छापलेले दिसते आणि मग माणूस आयुष्यभर अंदाजाने तो टिंब-शेपटीचा ठिपका कुठेतरी टाकत राहतो. या चिन्हाच्या बाबतीत खरोखर चुकीचे काय आणि निव्वळ पसंतीचे काय, हे एकदा वेगळे केले की गोंधळ बराच निवळतो.

आधी हे चिन्ह तिथे आले कसे ते पाहू. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी शेवटी ‘इ’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे जोडून होत असे. कालांतराने त्यातला ‘इ’ उच्चारातून गळाला आणि लेखनातूनही गेला. गळालेल्या अक्षराची खूण म्हणून ॲपॉस्ट्रॉफी बसला. म्हणजे don't मध्ये तो जे काम करतो, मुळात तेच काम तो मालकी दाखवतानाही करत होता. एकवचनी नामाला ॲपॉस्ट्रॉफी आणि एस, एसने संपणाऱ्या अनेकवचनाला नुसता ॲपॉस्ट्रॉफी, ही आजची घडी बसायला अठरावे शतक उजाडावे लागले.

या घडीत एक जागा मोकळी राहिली: नाव एकवचनी आहे, पण संपते एसनेच. जेम्स, चार्ल्स, डिकन्स, हॅरिस. पहिल्या नियमाने James's व्हायला हवे. पण अनेकवचनाच्या रूपाची सवय झालेल्या डोळ्याला दोन एस शेजारी शेजारी खटकतात, म्हणून काहींनी James' पसंत केले. दोन्ही परंपरा आजही चालू आहेत. लंडनमधल्या राजउद्यानाचे नाव St James's Park. न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाचे मैदान St James' Park. एक्सेटरच्या संघाचे मैदान तर St James Park, तिथे चिन्हच नाही. तिन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती ठरलेली विशेषनामे आहेत. त्यांच्या पाटीवर जे आहे तेच लिहायचे. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्थानके लागोपाठ येतात. पहिल्याच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नाही. इथे व्याकरण चालवायला जाऊ नये.

ठरलेले नाव नसेल तेव्हा काय करायचे, हा खरा प्रश्न. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी वृत्तपत्रांपुढे तो रोजचा झाला, कारण राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या कमला हॅरिस आणि त्यांचे जोडीदार टिम वॉल्झ. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमावलीनुसार एसने संपणाऱ्या विशेषनामाला नुसता ॲपॉस्ट्रॉफी लागतो, म्हणून ती Harris' लिहीत राहिली. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट Harris's छापत होते. वॉल्झ झेडने संपते, त्यामुळे तिथे वाद नव्हता. Walz's सगळ्यांनाच मान्य होते.

या दोन परंपरांतून एक निवडायची तर कानावर विश्वास ठेवावा, असे अनेक जाणकार सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. ‘हॅरिसचे भाषण’ हे इंग्रजीत मोठ्याने म्हणताना बहुतेक जण ‘हॅरिसेस स्पीच’ असे म्हणतात. एक जादा अवयव कानाला ऐकू येतो. जो ऐकू येतो तो लिहावा, म्हणजे Harris's. मोझेस आणि जीझस या नावांना जुन्या प्रथेने नुसता ॲपॉस्ट्रॉफी मिळत आला, कारण तिथे ‘सेस’चा उच्चार आधीच झालेला असतो आणि आणखी एक जोडला की जीभ अडखळते. शेवटचा एस मूक असेल तर कानाचे म्हणणे आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या ज्या राज्याचा उच्चार ‘आर्कन्सॉ’ असा होतो, त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी एस आहे, पण तो कोणी उच्चारत नाही. मालकी दाखवताना मात्र एसचा उच्चार होतो. तिथल्या प्रतिनिधिगृहाने २००७ मध्ये चक्क ठराव करून Arkansas's हे रूप योग्य ठरवले. ठराव बंधनकारक नव्हता, पण तर्क नेमका होता.

मराठी माणसाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, फडणवीस ही सगळी आडनावे इंग्रजीत एसने संपतात. गोव्यात फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स आहेतच. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबद्दलच्या इंग्रजी बातम्यांत Fadnavis's आणि Fadnavis' अशी दोन्ही रूपे दिसतात, ती याच कारणाने. कोणतेही एक घ्यावे, पण एका लेखात दोन्ही नकोत. सरकारी पत्र असो, प्रबंध असो की लग्नपत्रिका, वाचणाऱ्याला खटकते ती ही सरमिसळ.

यात खरी चूक कुठे होते? Fadnavi's असे लिहिले की होते. ॲपॉस्ट्रॉफी नावाच्या आत घुसवला की नावच मोडते. आधी संपूर्ण नाव लिहायचे, त्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मगच चिन्हाचा विचार करायचा. ही एक सवय लावून घेतली तरी निम्म्या चुका टळतात.

दुसरी मोठी चूक अनेकवचनाची. घराच्या दारावर The Joshi's अशी पाटी अनेक ठिकाणी दिसते. घरात जोशी कुटुंब राहते एवढेच सांगायचे असेल, तर The Joshis पुरे. चिटणीसांच्या दारावर The Chitnises येईल. ते वाचायला विचित्र वाटते म्हणून लोक बिचकतात, पण रूप तेच बरोबर आहे. चिटणीस कुटुंबाचे घर म्हणायचे असेल, तर आधी हे अनेकवचन आणि मग शेवटी नुसते चिन्ह: the Chitnises' house.

ओळखायची सोपी युक्ती आपल्याच भाषेत आहे. वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. चा, ची, चे लागत असेल तर इंग्रजीत ॲपॉस्ट्रॉफीला जागा आहे. नुसतेच ‘अनेक’ असेल तर नाही. ‘दोन आठवड्यांची नोटीस’ म्हणताना ‘ची’ येते, म्हणून two weeks' notice. ‘दोन आठवडे गेले’ म्हणताना काही येत नाही, म्हणून नुसते weeks. ही युक्ती एका ठिकाणी हटकून फसते: ‘त्याचे’ या अर्थाच्या its ला चिन्ह नसते. ते his सारखे सर्वनाम आहे. चिन्ह घातले की it's होते आणि त्याचा अर्थ होतो ‘ते आहे’.

आता संक्षेपांकडे. एमएलए, एटीएम, ईव्हीएम, ईएमआय हे शब्द मराठी माणूस दिवसभर बोलतो आणि इंग्रजीत लिहिताना त्यांच्या अनेकवचनात बेधडक ॲपॉस्ट्रॉफी घालतो. त्यालाही इतिहास आहे. पूर्वी संक्षेपातल्या प्रत्येक अक्षरानंतर पूर्णविराम असे, M.L.A. असा. शेवटच्या पूर्णविरामाला एस चिकटवला तर विचित्र दिसे, म्हणून मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घातला जाई. न्यूयॉर्क टाइम्ससारखे वृत्तपत्रही बरीच वर्षे 1980's छापत असे. पुढे पूर्णविराम गेले आणि ॲपॉस्ट्रॉफीची गरजही गेली. आज MLAs, ATMs, 1980s असेच लिहितात.

हा केवळ नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही, अर्थ बदलतो. विधानभवनाबाहेरच्या घटनेची बातमी आहे असे समजू आणि तीन मथळे शेजारी ठेवू.

```
MLA's protest
MLAs' protest
MLAs protest
```

पहिल्यात एकाच आमदाराचे आंदोलन आहे. दुसऱ्यात अनेक आमदारांचे. तिसऱ्यात मालकी नाहीच, ‘आमदार आंदोलन करतात’ असे ते पूर्ण वाक्य आहे. एका आमदाराने धरणे धरले की पन्नास जणांनी, हे सांगायचे काम या एका चिन्हाच्या जागेवर आहे. मथळा लिहिणाऱ्याने घाईत पहिला छापला आणि आमदार अनेक असले, तर बातमी चुकली.

संक्षेपच एसने संपत असेल तर? एसएमएसचे अनेकवचन SMSs किंवा SMSes, दोन्ही चालतात. शेवटचे अक्षर लहान ठेवले की संक्षेप कुठे संपला ते कळते. पाटीवर सगळीच अक्षरे मोठी असतील तर ATMS हा चार अक्षरी संक्षेप वाटू शकतो. तिथेही चिन्ह घालण्याऐवजी एस लहान आकारात लिहिणे चांगले.

अनेकवचनात ॲपॉस्ट्रॉफी चालतो असा एक अपवाद उरतो, तो सुट्या अक्षरांचा. परीक्षेत तीन ‘ए’ मिळाले, तर three A's लिहावे. चिन्ह काढले तर As हा वेगळाच शब्द डोळ्यांपुढे येतो. लहान ‘आय’चे अनेकवचन चिन्हाशिवाय लिहिले तर is होते. इथे वाचणाऱ्याची फसगत टाळायला चिन्ह लागते, आणि म्हणून ते रास्त आहे.

दशकाचे आकडे तोडून लिहिताना मात्र चिन्ह पुढे येते, कारण तिथे खरोखर काही गाळलेले असते: 1990s चे ’90s. संगणकावर हे टंकताना वर्डसारखी प्रणाली शब्दाच्या सुरुवातीला अवतरण उघडणारे चिन्ह आपोआप टाकते आणि ‘90s असे उलट्या तोंडाचे रूप उमटते. ते दुरुस्त करायला विंडोजवर Alt दाबून आकड्यांच्या पॅडवर 0146 टंकावे. किंवा आधी कोणतेही एक अक्षर, त्याला लागून चिन्ह आणि मग 90s असे टंकून नंतर ते जादा अक्षर पुसून टाकावे.