तारीख लपवताना हरवणारे चोवीस तास

लहान कारखान्यातली हजेरी आता वहीऐवजी एक्सेलमध्ये भरली जाते. एका कामगाराच्या आठवड्याचे तास B2 ते B7 या सहा खणांत असे भरले आहेत: `7:45`, `8:10`, `8:30`, `7:55`, `8:20` आणि शनिवारी `5:30`. कागदावर बेरीज केली तर ४६ तास १० मिनिटे होतात. एक्सेलमध्ये B8 या खणात बेरीज मांडली आणि खण वेळेच्या साध्या `h:mm` साच्यात असला, तर मात्र `22:10` दिसते. कामगाराचे पूर्ण चोवीस तास गायब!

बेरीज चुकलेली नाही. एक्सेल वेळ तासांत साठवत नाही, दिवसांत साठवते. त्याच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि एक तास म्हणजे १ भागिले २४. त्यामुळे B8 मध्ये खरा आकडा आहे १.९२३६. हाच खण तारीख-वेळेच्या साच्यात टाकून पाहा, `01-01-1900 22:10` असे दिसेल. पूर्णांकातला १ म्हणजे एक्सेलच्या दिनदर्शिकेतला पहिला दिवस, १ जानेवारी १९००. आपल्याला ती तारीख नको असते, म्हणून आपण फक्त वेळ दाखवणारा साचा निवडतो. पण त्या तारखेतच आपले चोवीस तास दडलेले असतात. तारीख नुसती झाकून चालत नाही, तिचे तासांत रूपांतर करावे लागते.

ते काम चौकोनी कंस करतो. खण निवडून Ctrl+1 दाबा, Custom मध्ये `[h]:mm` लिहा. कंसातला h सांगतो की चोवीसला शून्यावर येऊ नकोस, पुढे मोजत राहा. लगेच `46:10` दिसते. आकडा आत तसाच राहतो, बदलते ते फक्त त्याचे दिसणे.

पगारपत्रकावर किंवा चिठ्ठीवर मजकूर म्हणून तास-मिनिटे हवी असतील, तर TEXT हे सूत्र वापरावे. इथे एक फसवी जागा आहे. अनेक जण तास आणि मिनिटे वेगवेगळी काढून जोडतात:

```
=TEXT(B8,"[h]")&" तास "&TEXT(B8,"mm")&" मिनिटे"
```

उत्तर येते `46 तास 01 मिनिटे`. ही एक मिनिट आली कुठून? एक्सेलमध्ये m हे अक्षर महिन्यासाठीही आहे आणि मिनिटांसाठीही. आधी h असेल किंवा नंतर s असेल तरच ते मिनिटे समजते. एकटा mm दिसला की महिना धरते, आणि आपल्या आकड्याचा महिना जानेवारी आहे, म्हणून 01. झाकलेली तारीख इथे पुन्हा डोके वर काढते. आठवडाभराचे तास असोत वा महिन्याचे, हे 01 सहसा जागचे हलत नाही. सगळ्या कामगारांच्या पुढे 01 दिसले की हीच चूक झाली आहे असे समजावे. उपाय म्हणजे तास आणि मिनिटे एकाच साच्यात ठेवणे:

```
=TEXT(B8,"[h]"" तास ""mm"" मिनिटे""")
```

मधल्या मराठी शब्दांभोवती दुहेरी अवतरणे दोनदा द्यावी लागतात, कारण ती सूत्राच्या अवतरणांच्या आत आहेत. आता `46 तास 10 मिनिटे` असे नीट येते.

आपल्याकडची एक सवयही इथे नडते. आपण पावणेआठ ७.४५ असे टिंब देऊन लिहितो. एक्सेलला ते सात दिवस आणि वर ०.४५ दिवस वाटते. `[h]:mm` लावल्यावर `178:48` दिसते. असा अवाढव्य आकडा दिसला तर टिंबाच्या जागी विसर्गासारखी दोन टिंबे टाका. रात्रपाळीत दहाला येऊन सहाला जाणाऱ्याची वजाबाकी उणे होते आणि खणात नुसती `#####` उमटतात. आगमन B2 आणि निर्गमन C2 मध्ये असेल, तर `=MOD(C2-B2,1)` लिहिल्याने आठ तास मिळतात.

TEXT ने तयार झालेला मजकूर मात्र हिशेबाला चालत नाही. अशा खणांवर SUM लावले तर उत्तर शून्य येते. म्हणून B8 मधला आकडा हलवू नका, मजकूर शेजारच्या खणात तयार करा. मजुरीही त्या मूळ आकड्यावरूनच काढा, पण आधी २४ ने गुणायला विसरू नका. तासाला १०० रुपये दर असेल तर `=B8*100` केवळ १९२ रुपये ३६ पैसे देते; `=B8*24*100` देते ४,६१६ रुपये ६७ पैसे, आणि कामगाराच्या हाती तेवढेच पडायला हवेत.